इम्पॅक्टचा आकडा कशाचा, ते आधी ठरवा

प्रश्न: मी नुकतीच प्रॉडक्ट ओनर झाले आहे. आधीच्यांकडून आलेल्या बॅकलॉगमध्ये ३०० च्या वर आयटम आहेत. सगळ्यांना इम्पॅक्ट आणि एफर्टचे १ ते ५ गुण दिले आणि भागाकार केला, तर ढीगभर आयटमचा स्कोअर सारखाच आला आणि वरती किरकोळ कामं येऊन बसली. त्यात सेल्स, सपोर्ट, मॅनेजमेंट, सगळे आपापलं काम ‘हाय इम्पॅक्ट’ आहे म्हणतात. हे नीट कसं करायचं?

उत्तर:

तुमचा भागाकार बरोबर आहे, गडबड पट्टीत आहे. १ ते ५ गुणांच्या दोन रकान्यांतून २५ जोड्या होतात आणि त्यांच्या भागाकाराची वेगवेगळी उत्तरं फक्त १९ येतात. ३०० आयटम १९ खणांत टाकले की ढीग लागणारच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ‘इम्पॅक्ट ४’ म्हणजे नक्की कशाचे ४, हे कुणीच ठरवलेलं नसतं. सेल्सच्या डोक्यात पुढचा करार असतो, सपोर्टच्या डोक्यात रोजच्या तक्रारी, मॅनेजमेंटच्या डोक्यात पुढचं प्रेझेंटेशन. प्रत्येक जण आपापल्या जागी खरंच बोलतोय, फक्त प्रत्येकाचा चार वेगळा आहे.

आधी एक सांगतो. पुढे जे लिहिलंय ते चालू असलेल्या, बऱ्यापैकी वापर असलेल्या आणि थोडंफार मोजमाप होत असलेल्या प्रॉडक्टला लागू पडतं. तुमचं प्रॉडक्ट अजून बाजारात आलंच नसेल तर इम्पॅक्टचे आकडे हे निव्वळ अंदाज असतील. तिथे ‘कुठलं काम केल्यावर आपल्याला सर्वात जास्त कळेल’ या हिशोबाने क्रम लावा. आणि तुमचे ग्राहक म्हणजे मोजक्या दहा-पंधरा कंपन्या असतील, तर वापरणारी डोकी मोजून फसाल. तिथे कुठल्या ग्राहकाचं नूतनीकरण कशावर अडलंय ते मोजावं लागतं. पद्धत तीच राहते, मोजायची गोष्ट बदलते.

आता ३०० आयटमचं. सगळ्यांना गुण देऊ नका. स्कोअर करायला लागणारा वेळ हाही टीमचाच वेळ असतो, आणि दीडशेव्या आयटमपर्यंत कुणीही विचार करून आकडा देत नाही, अंगठा उठवतो. आधी एकट्याने बसून चाळणी लावा. एकच मागणी चार शब्दांत चार वेळा लिहिलेली असेल तर ती एकत्र करा. जे आधीच होऊन गेलंय ते बंद करा. ज्याच्याबद्दल वर्षभरात कुणी विचारलेलं नाही आणि ज्याने मागितलं तो माणूसही आता सापडत नाही, ते ‘संग्रहात’ असं लेबल लावून बाजूला टाका. डिलीट करायचा धीर होत नसेल तर करू नका, पण रोजच्या यादीतून काढा. खरंच हवं असेल तर मागणी परत येते.

पुढची चाळणी उद्दिष्टाची. येत्या तिमाहीत प्रॉडक्टचा कुठला एक आकडा हलवायचा आहे, हे मॅनेजमेंटकडून ठरवून घ्या. एकच. ‘ग्राहकांचं समाधान’ असलं काही मिळालं तर परत जा आणि मोजता येईल असं काहीतरी मागा. या आकड्याला हात लावू शकतील असे वीस-पंचवीस आयटम काढा आणि फक्त त्यांनाच स्कोअर करा. बाकीचे चूक नाहीत, त्यांची पाळी या तिमाहीत नाही एवढंच.

काही गोष्टींना मात्र गुण देऊच नका. कायद्याने ठराविक तारखेपर्यंत करायचे बदल, सुरक्षेतली भोकं, चालू प्रॉडक्टमधले गंभीर बग. तारीख असलेलं काम तारखेपासून उलटं मोजून बसवायचं असतं. त्याला इम्पॅक्ट ५ देऊन वर ढकललं की पट्टीचा अर्थच जातो. बग आणि देखभालीसाठी टीमच्या वेळातला एक हिस्सा आधीच बाजूला काढा. किती, ते तुमच्या प्रॉडक्टच्या तब्येतीवर आहे. गेल्या चार-पाच स्प्रिंटमध्ये प्रत्यक्षात किती गेला ते बघा आणि तोच धरा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. धरा की तुमचं प्रॉडक्ट डॉक्टरांची अपॉइंटमेंट बुक करण्याचं आहे. महिन्याला १०,००० लोक बुकिंग सुरू करतात आणि ६,२०० पूर्ण करतात. तिमाहीचं उद्दिष्ट ठरलं: पूर्ण होणारी बुकिंग वाढवायची. मधे गळणारे ३,८०० जण कुठे गळतात ते पाहिलं, तर १,३०० डॉक्टर शोधण्याच्या पानावर, ५०० ‘या दिवशी वेळ उपलब्ध नाही’ या स्क्रीनवर, १,१०० ओटीपीच्या स्क्रीनवर आणि ९०० पैसे भरताना.

बॅकलॉगमध्ये पाच उमेदवार आहेत. ओटीपी एसएमएसने आला नाही तर फोन कॉलवर मिळावा. वेळ उपलब्ध नसेल तिथे पुढची मोकळी तारीख दाखवावी. पैसे भरण्याचे आणखी पर्याय द्यावेत. सर्च नव्याने लिहावा. आणि डार्क थीम.

तुमच्या पद्धतीने गुण दिले तर साधारण असं होतं. ओटीपीला इम्पॅक्ट ४, एफर्ट २, म्हणून स्कोअर २. पुढची तारीख दाखवणं ‘लहानसं काम’ म्हणून इम्पॅक्ट २, एफर्ट १, स्कोअर पुन्हा २. डार्क थीमही इम्पॅक्ट २, एफर्ट १, स्कोअर २. पैशांचे पर्याय ४ भागिले ३, म्हणजे १.३३. सर्च ५ भागिले ५, म्हणजे १. तीन आयटम बरोबरीत आणि त्यांतलं एक डार्क थीम. तुम्हाला दिसतंय ते हेच.

आता इम्पॅक्टच्या जागी प्रत्यक्ष मोजता येणारी गोष्ट ठेवा: या कामामुळे महिन्याला किती जादा बुकिंग पूर्ण होतील? त्यासाठी तीन आकडे लागतात. किती लोकांना ही अडचण येते, त्यांतल्या किती जणांचा मार्ग मोकळा होईल, आणि या अंदाजाची खात्री किती. खात्रीसाठी तीनच पायऱ्या ठेवा: हातात मोजमाप असेल तर १, काही पुरावा असेल तर ०.८, नुसतं ‘वाटतंय’ असेल तर ०.५. याहून बारीक करण्यात अर्थ नाही, ०.६५ आणि ०.७ यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. इंटरकॉम या कंपनीतून पसरलेली राइस पद्धत, म्हणजे रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स आणि एफर्ट, याच घडणीची आहे. तिथे इम्पॅक्टला ०.२५ पासून ३ पर्यंतची ठरलेली पट्टी असते. मी मोजमाप हाताशी असेल तेव्हा त्या पट्टीऐवजी सरळ ‘किती हिस्सा’ असं विचारतो, कारण त्यावर वाद घालता येतो.

एफर्ट मॅन-वीकमध्ये घ्या, म्हणजे एका माणसाचं एका आठवड्याचं काम. स्प्रेडशीटमध्ये सूत्र एवढंच:

```
=B2*C2*D2/E2
```

B मध्ये अडचण येणारे लोक, C मध्ये सुटणारा हिस्सा, D मध्ये खात्री, E मध्ये मॅन-वीक.

ओटीपी: १,१०० लोक. यांतले काही जण ओटीपी येऊनही सोडून जातात, त्यामुळे ३० टक्के सुटतील असं धरलं. एसएमएस न पोचल्याच्या नोंदी हाताशी आहेत म्हणून खात्री ०.८. म्हणजे २६४ बुकिंग, दोन मॅन-वीकचं काम, प्रत्येक मॅन-वीकमागे १३२. पुढची तारीख दाखवणं: ५०० चे २० टक्के, खात्री ०.८, म्हणजे ८०. काम एका मॅन-वीकचं, म्हणून ८०. पैशांचे पर्याय: ९०० चे २० टक्के, खात्री ०.५, म्हणजे ९०. चार मॅन-वीक, म्हणून साधारण २२. सर्च: १,३०० चे २५ टक्के, खात्री ०.५, म्हणजे साधारण १६२. पण काम १६ मॅन-वीकचं, म्हणून १०. डार्क थीम नसल्यामुळे बुकिंग अर्धवट सोडणारे लोक शोधायला गेलात तर उदार होऊनही दहा धराल, खात्री ०.५, एक मॅन-वीक, उत्तर ५.

जे तीन आयटम २ वर बरोबरीत होते ते आता १३२, ८० आणि ५ असे दिसतात. डार्क थीमला इम्पॅक्ट २ आणि ओटीपीला ४ दिले तेव्हा नकळत आपण म्हणत होतो की ओटीपीचा परिणाम डार्क थीमच्या दुप्पट आहे. खरा फरक पन्नास पटीच्या घरात होता. १ ते ५ ची पट्टी वरचे-खालचे टोक असं दाबून टाकते, आणि मग एफर्ट १ असलेलं कुठलंही फुटकळ काम भागाकारात वर येतं. एफर्टच्या बाजूलाही हेच होतं, फक्त उलट: सर्चचं काम तारखेच्या कामाच्या सोळापट असताना पट्टीवर ते पाचपट दिसतं आणि त्याला फुकटची सूट मिळते.

मोजमाप अजिबातच नसेल आणि गुणच द्यायचे असतील, तर निदान दुपटीची पट्टी घ्या: १, २, ४, ८, १६. आणि प्रत्येक पायरीला पूर्वी झालेल्या कामाचं एक नाव चिकटवा. ‘८ म्हणजे गेल्या वर्षी आपण केलेल्या रिमाइंडरइतका परिणाम’ असं म्हटलं की माणसं तुलना करतात. नुसतं ‘८ म्हणजे जास्त’ म्हटलं की प्रत्येकाला आपलंच काम जास्त वाटतं.

सर्चचं जरा थांबून बघू, कारण नवीन प्रॉडक्ट ओनर इथे बहुतेक वेळा दोन टोकांना जातात. एक तर स्कोअर १० आला म्हणून सर्चला कायमचं खाली ढकलतात, नाहीतर ‘सर्वात जास्त लोक तिथेच गळतात’ म्हणून स्कोअर बाजूला ठेवून सोळा आठवडे त्यात घालतात. भागाकाराचा स्वभावच असा आहे की मोठं काम त्यात हरतं. त्यामुळे मोठ्या आयटमचा कमी स्कोअर आला की पहिला प्रश्न विचारायचा: यातला कुठला तुकडा बहुतेक फायदा देतो? सर्चच्या नोंदी उघडून पाहिल्या आणि समजा दिसलं की १,३०० पैकी ४०० जणांना एकही निकाल मिळाला नाही, बहुतेक वेळा डॉक्टरांचं नाव लिहिताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून. चुकलेल्या स्पेलिंगला जवळचं नाव सुचवणं हे टीमच्या मते तीन मॅन-वीकचं काम. ४०० चे निम्मे, खात्री ०.८, म्हणजे १६०. भागिले ३, म्हणजे ५३. हा तुकडा थेट तिसऱ्या क्रमांकावर येतो. गंमत बघा, अख्खा सर्च नव्याने लिहून जेवढ्या बुकिंग अपेक्षित होत्या जवळपास तेवढ्याच या तुकड्यातून मिळतायत, कारण इथे खात्री जास्त आहे. नियम म्हणून सांगायचं तर आठ मॅन-वीकच्या वरचा आयटम तोडल्याशिवाय स्कोअर करू नका.

एफर्टचा आकडा तुमचा नाही, टीमचा. तुम्ही ‘हे तर दोन दिवसांचं काम’ म्हणायला सुरुवात केलीत की टीम तुमच्या तोंडाकडे बघून आकडे देईल. सगळ्यांनी एकाच वेळी आकडा दाखवायचा; फार फरक पडला तर सर्वात मोठा आकडा देणाऱ्याला आधी बोलू द्या. त्याला सहसा असं काहीतरी माहीत असतं जे बाकीच्यांच्या लक्षात नाही, जसं की फोन कॉलवर ओटीपी द्यायला नव्या पुरवठादाराशी करार करावा लागेल. आकड्यात टेस्टिंग, रिलीज आणि डिझाइन धरलंय ना, हे प्रत्येक वेळी विचारा. नुसता कोड लिहायचा वेळ धरला की लहान कामं आणखी लहान दिसतात. एखादं तांत्रिक काम दुसऱ्या आयटमच्या आधी करावंच लागणार असेल, तर त्याला वेगळा स्कोअर देऊ नका. त्याचे आठवडे त्या आयटमच्या एफर्टमध्ये मिळवा.

यादी लागली की लगेच वरून उचलायला लागू नका. आधी एक तपासणी करा: अंदाज चुकला तर क्रम बदलतो का? ओटीपीतून ३० टक्क्यांऐवजी १५ टक्केच सुटले तर १३२ चे ६६ होतील. म्हणजे तारखेचं काम त्याच्या वर जाईल, पण दोन्ही पहिल्या तीनांतच राहतील. तुम्ही दोन्ही या तिमाहीत करणारच आहात, मग त्यावर वाद कशाला घालायचा? पैशांच्या पर्यायांचं तसं नाही. तिथली खात्री ०.५ आहे. सुटणारा हिस्सा निम्मा झाला तर आकडा ११ वर येतो, म्हणजे उरलेल्या सर्चच्या आसपास. उलट, लोक हवा तो पर्याय नाही म्हणूनच सोडून जातात असं निघालं आणि हिस्सा दुप्पट झाला, खात्रीही ०.८ झाली, तर आकडा ७२ होतो आणि तो स्पेलिंगच्या कामाला मागे टाकतो. अशा आयटमवर थेट काम सुरू करू नका, दोन दिवस शोधावर घाला. पैशांच्या पानावर सोडून गेलेल्या काही जणांशी बोला, पेमेंट अयशस्वी झाल्याच्या नोंदी बघा. जिथे माहिती आल्यावर क्रम बदलू शकतो तिथेच माहिती गोळा करायची, बाकी ठिकाणी नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: हे फायदे एकमेकांत मिळवून एकूण सांगू नका. सर्च सुधारला की जास्त लोक ओटीपीपर्यंत पोचतात आणि त्यांतले काही तिथेही गळतात. २६४, ८० आणि १६० यांची बेरीज करून मॅनेजमेंटला ‘५०४ बुकिंग वाढतील’ असं सांगितलंत, तर तिमाहीच्या शेवटी तो आकडा तुमच्यासमोर ठेवला जाईल. हे आकडे आयटमची आपसांत तुलना करायला आहेत. एक काम बाहेर पडलं की गळतीचे आकडे परत घ्या आणि वरचे पाच-सहा आयटम परत मोजा. अख्खी यादी दर स्प्रिंटला मोजायची गरज नाही.

‘सगळेच हाय इम्पॅक्ट म्हणतात’ या भागाकडे मी मुद्दाम उशिरा येतोय, कारण वरचं झालं की तो बराचसा आपोआप सुटतो. सेल्सचा माणूस म्हणाला, “डार्क थीम मोठा ग्राहक मागतोय, वर घ्या,” तर ‘स्कोअर कमी आहे’ असं उत्तर देऊ नका. ते ऐकून कुणाचंच समाधान होत नाही आणि पुढच्या वेळी तो स्कोअर वाढवायच्या युक्त्या शोधून येतो. शीट उघडा आणि विचारा, “यातला कुठला आकडा तुम्हाला चुकीचा वाटतो?” तो म्हणेल, “करार त्यावर अडलाय.” ठीक आहे, मग ती वेगळी गोष्ट झाली. बुकिंग वाढवण्याच्या यादीत तिला जागा नाही, पण करार खरोखर अडला असेल, तसं ग्राहकाने लेखी दिलं असेल, तर तो निर्णय मॅनेजमेंटपुढे न्यायचा: हा करार हवा असेल तर वरच्यांपैकी कुठलं काम पुढे ढकलू? किंमत समोर दिसली की निम्म्या मागण्या तिथेच गळतात. ज्या उरतात त्या बहुधा खऱ्या असतात आणि त्या घ्याव्यात.

स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. बॅकलॉगमध्ये बदल हवा असेल त्याने प्रॉडक्ट ओनरला पटवायचं. तेव्हा शीट सर्वांना बघायला खुली ठेवा, पण आकडे बदलायचा अधिकार वाटू नका. मतदानाने आलेली सरासरी हा सर्वात वाईट स्कोअर असतो. पाच आणि एक यांची सरासरी तीन येते, आणि ते तीन कुणाचंच मत नसतं.

पद्धत बिघडत चालली आहे हे कशावरून ओळखायचं? प्लॅनिंगच्या आदल्या दिवशी आकडे सरकायला लागले, तर कुणीतरी आधी क्रम ठरवून मग आकडे बसवतंय. सगळ्यांची खात्री ०.८ दिसली, तर तो रकाना कुणी वाचतच नाही. दशांशाच्या दुसऱ्या घरावरून वाद झाला, तर लोक विसरलेत की मुळात हा अंदाज आहे. २२ आणि २५ ही बरोबरीच समजा आणि टीमला जे आधी करायला सोपं जाईल ते घ्या.

आणि शीटमध्ये एक रकाना आजच वाढवा: ‘प्रत्यक्षात काय झालं’. ओटीपीचं काम बाहेर पडल्यावर चार आठवड्यांनी त्या स्क्रीनवरची गळती परत मोजा आणि २६४ च्या शेजारी खरा आकडा लिहा, तसंच दोन मॅन-वीकच्या शेजारी खरे किती लागले तेही. आठ-दहा आयटम झाले की एक कल दिसायला लागतो. तुमचे इम्पॅक्टचे अंदाज सातत्याने दुप्पट निघत असतील तर क्रमावर फारसा परिणाम होत नाही, कारण सगळेच दुप्पट आहेत. पण एकाच प्रकारच्या कामांचे अंदाज फुगत असतील, उदाहरणार्थ नवीन पर्याय देण्याची कामं नेहमी कमी पडतात आणि अडथळा काढण्याची कामं नेहमी जास्त देतात, तर पुढच्या तिमाहीत पहिल्या प्रकाराची खात्री सरळ ०.५ वर आणा.

तुमच्या प्रॉडक्टचं उद्दिष्ट आणि वरचे चार-पाच आयटम इथे लिहिलेत, तर त्यांचे आकडे कसे मांडायचे ते सांगू शकेन.